आजोबांच्या बँडच्या वहीतला हा कुठला राग?

पिंपळपान | रवि, रात्री ९:४०

गावचं घर आवरताना आजोबांची एक वही सापडली. आजोबा दक्षिण महाराष्ट्रातल्या एका छोट्या संस्थानाच्या बँडमध्ये होते. काय वाजवायचे ते आता सांगणारं कोणी उरलं नाही. वही जाड पुठ्ठ्याची आहे, पहिल्या पानावर १९२७ आणि आत सगळं देवनागरीत सारेगम. पाच रेघांचं इंग्रजी नोटेशन एकाही पानावर नाही, याचंच मला आधी नवल वाटलं.

मी पेटी थोडीफार वाजवते. पहिलंच पान घेऊन बसले, पण चालीचा काही पत्ता लागेना. जसं आहे तसं उतरवते:

प प ध । म॑ –प ध । नि नि सां । नि –ध प । ध प म॑ । प – –

पुढच्या ओळीत रें रें रें । रें –सां नि । सां सां सां । सां –नि ध, आणि असं पुढे. म वर उभी रेघ आहे, वरच्या सा वर टिंब आहे. पानाच्या डोक्यावर "नं. १" आणि त्याखाली बारीक अक्षरात "उभे राहून". पहिली ओळ सहा घरांची आहे, दुसरी आठ. पेटीवर काळी एकला सा धरून वाजवलं तर अधांतरी काहीतरी वाटतं. सा वर येऊन थांबतच नाही. हा कुठला राग असेल?

श्रुतिधर | रवि, रात्री १०:१५

सरळ यमन आहे. तीव्र मध्यम, बाकी सगळे शुद्ध. तुम्ही दिलेल्या तुकड्यात ग नाही, पण पुढे येत असणार. पंचमावर न्यास करणारी एखादी जुनी गत असावी आणि ताल दादरा. चिन्हं पलुसकरांच्या पद्धतीची दिसतात. त्या काळी गांधर्व महाविद्यालयाचा जोर होता, संस्थानांमधून त्यांचेच शिष्य असायचे.

एक सांगून ठेवतो. या बँडवाल्यांनी आपल्या संगीताचं फार नुकसान केलं. बावीस श्रुती गेल्या, बारा स्वर उरले.

पिंपळपान | रवि, रात्री १०:३२

हो, ग शेवटाकडे एकदा येतो, तोही तार सप्तकातला. पण यमन म्हणून गुणगुणून पाहिलं तर जमत नाही. यमनात असं प प ध वरून एकदम खाली म॑ वर येऊन परत प ध?

बाजेवाला | सोम, सकाळी ७:०५

आमचा लग्नाचा बँड आहे, तिसरी पिढी. ताई, खरं सांगू का, आमच्यात कोणी नोटेशन बिटेशन वाचत नाही. मास्तर क्लॅरिनेटवर गाणं काढतो, ट्रंपेटवाले दोन वेळा ऐकतात, तिसऱ्यांदा सोबत वाजवतात. युफोनियमवाला तर गाणं न ऐकताच वाजवतो, त्याला फक्त मास्तरची मान कधी हलते ते कळायला पाहिजे. आमच्या आजाकडे वही होती, पण तिच्यात उधारी लिहिलेली होती.

बँड बुक करायचा असेल तर व्यनि करा, तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखा भरत आल्यात.

खर्जातला | सोम, दुपारी १:२०

पिंपळपान, हा राग नाही. उत्तर तुम्हीच लिहून ठेवलंय: "उभे राहून".

तीन-तीन मात्रांची घरं, पहिली ओळ सहा घरांची आणि दुसरी आठांची. असा तिरपागडा हिशोब आपल्याकडच्या गतींमध्ये सहसा सापडणार नाही. आता एक करा. वहीत जिथे प आहे त्याला सा म्हणा आणि बाकीचे स्वर त्या हिशोबाने सरकवा:

सा सा रे । नि़ –सा रे । ग ग म । ग –रे सा । रे सा नि़ । सा – –

म्हणून पाहा. हे "गॉड सेव्ह द किंग" आहे. १९२७ साली पंचम जॉर्ज गादीवर होता. संस्थानच्या बँडला दरबारात, साहेबाच्या आगमनाला, बादशहाच्या वाढदिवसाच्या संचलनाला हे वाजवणं भागच होतं, आणि ते वाजताना सगळ्यांनी उभं राहायचं. म्हणून नंबर एक.

चिन्हांबद्दल: म वर उभी रेघ म्हणजे तीव्र आणि सा वर टिंब म्हणजे तार सप्तक, ही भातखंड्यांची पद्धत. पलुसकरांच्या पद्धतीत उभी रेघ तार सप्तकाला आणि वरचं टिंब मंद्राला. तसं वाचलं तर तो म वरच्या सप्तकात जाईल आणि सा खाली मंद्रात. चाल वेडीवाकडी उड्या मारेल.

पिंपळपान | सोम, दुपारी १:४८

म्हणून पाहिलं आणि अंगावर काटा आला! ऑफिसात होते, शेजारचीने वळून बघितलं.

पण मग आजोबांनी प पासून का लिहिलं? सा पासून लिहिता आलं असतं की.

खर्जातला | सोम, रात्री ९:१०

गंमत तिथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्या सारेगममध्ये सा म्हणजे अमुक पट्टी नव्हे. गाणारा जिथे धरेल तो सा. पाच रेघांवर मात्र खूण म्हणजे ठरलेली पट्टी. इथवर सगळ्यांना माहीत असतं. बँडच्या वाद्यांची तिसरीच तऱ्हा आहे. बँडमधलं नेहमीचं क्लॅरिनेट किंवा कॉर्नेट घ्या. वाजवणाऱ्याच्या कागदावर जो 'सी' लिहिलेला असतो, तो वाजवला की पेटीवरची काळी पाच ऐकू येते. त्याहून लहान, तीक्ष्ण आवाजाचं एक क्लॅरिनेट असतं. त्यावर तोच कागदावरचा 'सी' वाजवला की काळी दोन ऐकू येते. बोटं तीच, खूण तीच, आवाज वेगळा. असं केलं म्हणजे वादकाला एका वाद्यावरून दुसऱ्यावर जाताना बोटं नव्याने शिकावी लागत नाहीत. फरक काय तो बँडमास्तरने कागद लिहिताना सांभाळायचा. म्हणजे बँडचा कागद पट्टीही सांगत नाही आणि गाण्यातला सा कुठला तेही सांगत नाही. तो बोटं कुठे ठेवायची एवढंच सांगतो.

आता हे राजगीत बँडमध्ये बहुतेक वेळा काळी पाचवरून वाजतं. नेहमीच्या क्लॅरिनेटवाल्याच्या कागदावर ते 'सी' पासून सुरू होईल. पण लहान क्लॅरिनेटवाल्याला तोच आवाज काढायला कागदावरच्या 'जी' पासून सुरू करावं लागेल, आणि वाटेत 'एफ' ला एक शार्प लागेल.

आजोबांनी 'सी' ला सा म्हटलं, कायमचं. मग 'जी' झाला प, शार्प लागलेला 'एफ' झाला तीव्र म. पाच रेघांच्या कागदावरून एकेक खूण त्यांनी सारेगममध्ये उतरवून घेतली आहे. चिन्हं आपली, विचार बँडचा.

श्रुतिधर यांना यमन का दिसला तेही यातच आलं. पंचमाला सा मानून बिलावलचे स्वर घेतले आणि ते मूळ सा वरून पाहिले, तर कल्याण थाट दिसतो.

मडगावकर | सोम, रात्री ११:०२

खर्जातला यांच्याशी सहमत, पण एक भर घालायलाच हवी. 'सी' ला कायमचा सा म्हणणं ही आजोबांची स्वतःची कल्पना असेल असं मला वाटत नाही. ही गोव्याची सवय आहे.

आमच्याकडे चर्चच्या पॅरिश शाळांमधून पोर्तुगीज काळापासून संगीत शिकवायचे. माझी आजी सांगायची की, मेस्त्री पहिले कित्येक महिने वाद्याला हातच लावू देत नसे. आधी कागदावरच्या खुणा बघून दो-रे-मी म्हणायचं, हाताने ताल द्यायचा. चुकलं की छडी. व्हायोलिन नंतर. आणि हे दो-रे-मी पोर्तुगीज पद्धतीचं, म्हणजे दो कायम 'सी'. गाणं कुठल्याही पट्टीत असो, दो हलत नाही. इंग्रजांच्या शाळांमधलं टॉनिक सोल्फा उलट, त्यात दो सरकतो, आपल्या सा सारखा.

वाचता येणारे वादक म्हणून गोवेकर ब्रिटिश पलटणींच्या बँडमध्ये गेले, संस्थानांत गेले, कलकत्त्यापर्यंत गेले. मैहरचे अल्लाउद्दीन खाँसाहेबसुद्धा तरुणपणी कलकत्त्यात लोबो नावाच्या गोवेकर बँडमास्तरकडे व्हायोलिन शिकले होते. तर पिंपळपान, तुमच्या आजोबांचा मास्तर गोवेकर असणार. तो दो म्हणायचा, आजोबा सा लिहायचे.

श्रुतिधर | मंगळ, सकाळी ८:३०

यमनाबाबत माझं चुकलं, मान्य. श्रुतींचा मुद्दा मात्र मी सोडणार नाही. पितळी वाद्यं आणि पेटी यांनी समान अंतराचे बारा स्वर आपल्या कानावर लादले. कृष्णाजी बल्लाळ देवल आणि क्लेमंट्स नावाचे आयसीएस अधिकारी यांनी याच कारणासाठी श्रुतींची पेटी बनवण्याचा खटाटोप केला ना?

खर्जातला | मंगळ, दुपारी १२:४५

देवल-क्लेमंट्स यांची धडपड खरी, पण ती पेटीच्या विरोधात होती. पितळी वाद्यांना त्याच तागडीत तोलू नका.

बिगुल घ्या. त्याला बटणं नाहीत, भोकं नाहीत, एक वाकवलेली नळी आणि ओठ. तिच्यातून आपोआप निघतात ते स्वर: सा, प, सां, गं, पं. यातला गंधार हा त्या नळीचा पाचवा स्वरांश आहे, म्हणजे तिच्या मूळ स्वराच्या पाचपट कंपनांचा. तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेतून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तोही पाचवाच. म्हणजे कवायतीच्या मैदानावर शिपायाला उठवणाऱ्या बिगुलात तंबोऱ्याचाच गंधार वाजतो, पेटीच्या गंधारापेक्षा जरासा उतरलेला. साधारण १४ सेंट, म्हणजे एका अर्ध्या स्वराच्या सातव्या भागाइतका.

कॉर्नेटची बटणं नळीची लांबी बदलतात, एवढंच. बटण न दाबता निघणारे स्वर असेच नैसर्गिक असतात. बटणांच्या जोड्या दाबल्या की सूर थोडा चढतो, तो वादक ओठांनी सांभाळतो. कान चांगला असेल तर पितळी वाद्य सुरात वाजतं. पेटीवर ती सोय नाही.

खरी अडचण मींडेची आहे. कॉर्नेटवर बटण अर्धं दाबून स्वर घसरवता येतो, पण आवाज घोगरा होतो. क्लॅरिनेटवर बोट भोकावरून हळूहळू सरकवलं की मींड निघते. आपल्याकडे लग्नाच्या बँडमध्ये गाण्याचा आवाज क्लॅरिनेटकडे गेला आणि ट्रंपेटं ठेका-भरीला राहिली, त्यामागे मला हे एक कारण दिसतं.

बाजेवाला | मंगळ, दुपारी २:१०

बरोबर बोलले साहेब. पण क्लॅरिनेटला बाईच्या आवाजाचं गाणं चांगलं बसतं, पुरुषाचं गाणं ट्रंपेटवरच उठतं. वरातीत क्लॅरिनेट ऐकू कुठे येतंय? आता आम्ही त्याला माईक लावतो.

तंजावूरची सई | मंगळ, रात्री ८:५५

धागा वाचून राहवलं नाही. आमचं घराणं तंजावूरच्या मराठी लोकांपैकी, त्यामुळे माझी मराठी तुम्हाला थोडी जुनाट वाटेल.

हीच चाल आमच्या बाजूला सव्वाशे वर्षं आधीच संस्कृत होऊन बसली आहे. मुत्तुस्वामी दीक्षितर (१७७५ ते १८३५) यांनी मद्रासच्या सेंट जॉर्ज किल्ल्यावर बँड ऐकला आणि त्या चालींवर संस्कृत रचना केल्या. त्यांना नोट्टुस्वर म्हणतात. 'नोट' या शब्दाचंच ते रूप. सुमारे ३९ आहेत, सगळ्या शंकराभरणात, म्हणजे तुमच्या बिलावलच्या स्वरांत. गॉड सेव्ह द किंगच्या चालीवर "सन्ततं पाहि मां संगीतश्यामले" आहे. लहानपणी ती मी देवीची स्तुती म्हणून शिकले. मूळ चाल कोणाची ते मला कॉलेजात कळलं, तेव्हा थोडा रागच आला होता.

दीक्षितरांचे धाकटे भाऊ बालुस्वामी यांनी त्याच सुमारास व्हायोलिन शिकून घेतलं. आमच्या सरफोजी महाराजांच्या दरबारातही पाश्चात्य वाद्यांचा बँड होता, आणि त्यांनी जमवलेली पाश्चात्य संगीताची कागदपत्रं सरस्वती महाल ग्रंथालयात अजून आहेत.

फरक एवढाच वाटतो: दीक्षितरांनी चाल कानाने घेतली आणि सा आपल्या जागी ठेवला. या ताईंच्या आजोबांनी कागद उतरवून घेतला. नोट्टुस्वर गाताना गमक घेत नाहीत, सरळ स्वर लावायचे. आमच्या गुरू म्हणायच्या, मुलांच्या गळ्याला ताल आणि सूर पहिल्यांदा यानेच शिकवावा.

पिंपळपान | बुध, रात्री १०:२०

सई, फारच छान. माझी आई ते ऐकून म्हणाली, "म्हणजे ही राजाची आरती होती की देवीची?"

आता माझ्या शंका. एक, दुसऱ्या एका पानावर फक्त कोमल नि आहे, बाकी शुद्ध. मी खमाज समजत होते. दोन, आजोबा नेमकं काय वाजवायचे हे वहीवरून कळेल का? आत्या म्हणते, त्यांची पेटी "एवढुशी" होती, हातभर पण नाही.

खर्जातला | बुध, रात्री ११:३०

कोमल नि चं पान: तिथे म ला सा म्हणून पाहा. बहुतेक सरळ चाल निघेल. एकच शार्प असेल तर प हा सा, एकच फ्लॅट असेल तर म हा सा. एकही नसेल तर सा हाच सा.

वाद्याबद्दल आत्याच्या आठवणीवरून ठरणार नाही. कॉर्नेटची पेटीही लहानच असते. पण वहीवरून एक कसोटी लावता येईल. सगळी पानं चाळा आणि सर्वात खालचा स्वर शोधा. तीन बटणांच्या कॉर्नेटवर कागदावरचा सर्वात खालचा स्वर म्हणजे, आजोबांच्या भाषेत, मंद्र तीव्र म. त्याखाली वाद्य जातच नाही. क्लॅरिनेट अजून दोन स्वर खाली उतरतं, शुद्ध म आणि ग पर्यंत. कुठेही मंद्र शुद्ध म किंवा मंद्र ग दिसला, तर कॉर्नेट बाद.

पिंपळपान | गुरु, रात्री ९:१५

चाळली! कोमल नि च्या पानावर म ला सा म्हटल्यावर खरंच मार्चसारखी सरळ चाल निघाली. ओळखीची नाही, पण पाय हलतो.

मंद्र ग तीन ठिकाणी आहे. एका जागी त्याच्याखाली दोनदा रेघ ओढून "श्वास" असं लिहिलंय.

मडगावकर | गुरु, रात्री ९:५०

मग क्लॅरिनेट. आणि राजगीत प पासून, म्हणजे काळी दोनचं लहान क्लॅरिनेट.

खर्जातला | गुरु, रात्री १०:२५

घाई नको. क्लॅरिनेट नक्की, पण लहान की नेहमीचं हे सांगता येत नाही. नेहमीच्या क्लॅरिनेटवर प पासून वाजवलं तर पांढरी चारवरून वाजेल. बाकीच्या बँडचे कागद तसे असतील तर तेही चालतं. शिवाय लहान क्लॅरिनेटवाला सहसा वरच्या सप्तकात चमकवायला असतो, त्याला मंद्र ग कशाला द्यावा? आत्याची एवढुशी पेटी एका बाजूला, मंद्र ग दुसऱ्या बाजूला.

पिंपळपान | गुरु, रात्री ११:०५

अजून एक गोंधळ. शेवटची दहा-बारा पानं नाटकातल्या पदांची आहेत. त्यातली दोन मला येतात, आणि तिथे सा हा सा च आहे! प ला सा म्हणायची गरजच नाही. मग आजोबांचा सा मध्येच बदलला का?

तंजावूरची सई | शुक्र, सकाळी ६:४०

मला तर वाटतं बदलला. परेडचं कागद बघून लिहिलं, पदं कानाने ऐकून लिहिली. एकाच माणसाचे दोन सा.

मडगावकर | शुक्र, सकाळी ९:१०

नाही पटत. पदं त्यांनी वाद्याच्या सोप्या बोटांवर बसवली असतील, कागदावरच्या 'सी' पासून. म्हणजे तिथेही दो तोच, योगायोगाने गाण्याचा सा त्यावर आला. सवय लागलेला माणूस दो हलवत नाही हो, माझ्या आजीने मरेपर्यंत हलवला नाही.

खर्जातला | शुक्र, दुपारी १:०५

दोन्ही शक्य आहे, आणि पान बघून भेद करता येणार नाही, कारण दोन्ही रीतींनी ते सारखंच दिसेल. पदाच्या मध्ये कुठे पट्टी बदललेली सापडली, म्हणजे अंतऱ्यात अचानक सगळे स्वर एका जागेवरून सरकलेले, तर बघा. तिथे त्यांनी सा हलवला की नाही ते दिसेल.

पिंपळपान | शुक्र, रात्री ८:३०

तसं पान अजून मिळालेलं नाही. पण पदांच्या पानांवर एक गोष्ट आहे जी आधीच्या पानांवर कुठेच नाही. काही स्वरांच्या मधून पेन्सिलीने कमानी काढल्यात, आणि बऱ्याच जागी कमान काढून परत खोडली आहे. एका पदाच्या समासात लिहिलंय: "येथे बोट हळू. मास्तर नसताना."

बाजेवाला | शुक्र, रात्री ९:००

हा हा. तो आपलाच माणूस होता.